म्युनिकमधली खोली निवडताना

सस्नेह आशीर्वाद.

तू पाठवलेल्या दोन्ही जाहिराती नीट वाचल्या. शहरातल्या हारास भागात तिघांच्या घरातली खोली ९०० युरोला आणि शहराबाहेरच्या डाखाऊ गावातली स्वतंत्र खोली ८५० ला, म्हणून तुला डाखाऊ स्वस्त वाटतंय. पण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. ८५० हे 'काल्टमीटे', म्हणजे नुसतं भाडं. हारासचे ९०० हे 'वार्ममीटे', म्हणजे हीटिंग-पाणी धरून भाडं, आणि जाहिरातीत वीज-इंटरनेटही त्यातच धरलंय.

आता डाखाऊचा हिशोब पूर्ण कर. हीटिंग, पाणी, कचरा यांचे १८० धरले की झाले १०३०. वीज ४५, इंटरनेट ३५. शिवाय रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी, १८.३६ युरो. ती माणशी नसून घरामागे असते, म्हणून हारासला तुझ्या वाट्याला फक्त ६.१२ येतील. म्हणजे हारास साधारण ९०६, डाखाऊ ११२८. महिन्याला सव्वादोनशेचा फरक.

त्या १८० वर मात्र विसंबू नकोस. ती आगाऊ उचल असते; वर्षअखेरीचा हिशोब आला आणि गॅस जास्त जळला असेल तर उरलेले पैसे एकरकमी भरावे लागतात. भाडं कमी दिसावं म्हणून काही मालक ही उचल मुद्दाम कमी दाखवतात. आधीच्या भाडेकरूचा मागच्या वर्षीचा हिशोब मागून घे. द्यायला टाळाटाळ झाली तर दरमहा पन्नासेक युरो जास्तच धर. आणि डाखाऊच्या घरात ओटा, शेगडी, सिंक आहे का, हे स्पष्ट विचार. तिकडे पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय, मोकळ्या भिंतींसकट देतात.

प्रवासाच्या पैशांत फरक नाही. ६३ युरोचं डॉइचलांडटिकेट, म्हणजे महिन्याचा पास, दोन्हीकडून चालतो. फरक वेळेचा आहे. तुझं ऑफिस गार्खिंगला, आणि हारासहून U6 ही मेट्रो थेट तिथे जाते. डाखाऊहून आधी S2 ही S-बान, म्हणजे लोकल गाडी, पकडायची, मग शहरात U6 ला बदलायचं. S-बान शहराच्या मधल्या बोगद्यात अडकली की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. दारापासून दारापर्यंत जाताना अर्धा आणि येताना अर्धा तास जास्त धरला, तर महिन्याला वीस तास जास्त गाडीत जातील. सकाळी आठच्या सुमाराची वेळ टाकून MVV या तिथल्या शहर-वाहतुकीच्या ॲपवर दोन्ही मार्ग स्वतः बघ. रविवारी दुपारी बघितलेला वेळ उपयोगाचा नाही.

माझं मत विचारशील तर पहिलं वर्ष हारासलाच राहा. भांडी-फ्रीज सामायिक असल्याचा त्रास होईल, तुला एकांत लागतो हेही मी जाणतो. तरी डाखाऊला तीन काल्टमीटेपर्यंत, म्हणजे २५५० युरो अनामत लागू शकते. कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते, पण पहिल्या पगाराआधी ओढाताण होईलच.

पैसे भरण्याआधी एक मात्र लेखी घे: पत्त्याच्या नोंदणीसाठी लागणारा घर देणाऱ्याचा दाखला मिळेल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती नोंदणी करावी लागते. खोली पोटभाड्याने असेल तर मूळ मालकाची परवानगीही बघ. "नोंदणी नंतर बघू" असं म्हणाले, तर हारासही सोड आणि मला कळव. दुसरी खोली शोधू.

तुझा काका