चार अर्धवट मसुदे आणि एक दिनदर्शिका

प्रश्न : "माझ्याकडे चार मसुदे अर्धवट पडले आहेत. एक उघडते, दोन परिच्छेद लिहिते, तेवढ्यात दुसऱ्याची धास्ती वाटते आणि तो उघडते. आधी कोणता संपवू?"

हाच पेच घेऊन आलेल्या एका संशोधक विद्यार्थिनीचे उदाहरण तपशिलाने सांगतो, कारण तिच्या चारही मसुद्यांच्या विलंबाची किंमत वेगवेगळ्या प्रकारची होती. परिषदेसाठीचा सारांश पाच दिवसांत पाठवायचा होता. परीक्षकांच्या शेऱ्यांनुसार शोधनिबंध सुधारून द्यायला चोवीस दिवस उरले होते. प्रबंधाच्या प्रकरणाला कोणतीच तारीख नव्हती, आणि एका मासिकाला कबूल केलेल्या लेखालाही नव्हती. गंमत अशी की सर्वाधिक वेळ ती त्या लेखावरच घालवत होती. तो सोपा होता आणि लिहिताना मन रमत होते.

प्रत्येक मसुद्यात नेमके काय राहिले आहे ते मी तिला आधी लिहून काढायला सांगितले, कारण "थोडेच राहिले आहे" या अंदाजावर क्रम लावला की तो हमखास चुकतो. शोधनिबंधाचे दोन दिवसांचे काम उरले आहे असे ती म्हणत होती. शेरे एकेक करून वाचल्यावर बहुतेक भाषेचे निघाले, पण तीन शेऱ्यांसाठी विश्लेषण पुन्हा करावे लागणार होते. काम सहा दिवसांचे ठरले. प्रकरणाला आठ, लेखाला दोन आणि सारांशाला अर्धा दिवस लागणार होता.

त्यानंतर प्रत्येक मसुदा तिच्या हातून सुटल्यावर कोणाच्या हातात जातो आणि तिथे किती दिवस थांबतो, हे पाहिले. शोधनिबंधाचे दोन सहलेखक वाचायला आठ दिवस घेत, आणि त्यांच्या सूचना उतरवायला आणखी दोन दिवस लागत. चोवीसमधून हे दहा दिवस वजा केल्यावर तिची खरी मुदत चौदाव्या दिवशी संपत होती. ती हुकली असती, तर संशोधनपत्रिकेने तो निबंध नव्याने आलेला मानून परीक्षण पहिल्यापासून सुरू केले असते. म्हणजे चौदाव्या दिवसापर्यंत विलंबाची किंमत जवळजवळ शून्य होती आणि पुढे ती एकदम कित्येक महिन्यांची होत होती. प्रकरणाचे गणित वेगळे होते. मार्गदर्शक वाचायला पंधरा दिवस घेत आणि चाळीस दिवसांनी दीर्घ रजेवर जाणार होते, त्यामुळे तिथे प्रत्येक दिवसाचा उशीर प्रबंधाला तेवढाच उशीर करत होता. तारीख नसलेला हा मसुदा बिनमहत्त्वाचा मुळीच नव्हता.

सारांश पहिला, याबद्दल वाद नव्हता. नोंदणी बंद झाल्यावर त्याची किंमत शून्यच. फक्त त्याला अर्ध्या दिवसाची मर्यादा घातली. मुदत जवळ दिसली की मोबदला कमी असूनही माणसे ते काम आधी निवडतात, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले आहे, आणि तीही त्या सारांशाची वाक्ये तीन-तीनदा घासत होती.

खरा प्रश्न शोधनिबंध आणि प्रकरण यांच्यातला होता. प्रकरण आधी घेतले तर साडेआठ दिवस संपून पुढचे सहा धरता साडेचौदा होत होते, म्हणजे अर्धा दिवस उशीर, आणि आजारपणासाठी एकही दिवस हातात नाही. शोधनिबंध आधी घेतला तर तो साडेसहाव्या दिवशी सहलेखकांकडे जात होता, आणि ते वाचत असतानाच्या आठ दिवसांत प्रकरण पूर्ण होत होते. प्रकरण मार्गदर्शकांकडे साडेचौदाव्या दिवशी पोहोचले तरी त्यांच्या रजेआधी दहा दिवसांहून अधिक अवकाश उरत होता. सूचना उतरवायचे दोन दिवस धरूनही शोधनिबंध मुदतीच्या आठवडाभर आधी जाणार होता. दुसऱ्याच्या वाचनाचे दिवस आपल्या लेखनाच्या दिवसांवर असे बसवता आले, तर एकूण विलंब कमी होतो. म्हणून दोन मसुदे तुल्यबळ वाटले की ज्याच्यापुढे कोणाची तरी वाट पाहावी लागणार आहे, तो मी आधी सुचवतो.

या पद्धतीची मर्यादा उघड आहे: सहलेखक आठऐवजी पंधरा दिवस घेतात असे निघाले, तर सगळी मांडणी ढासळते. त्यामुळे अंदाज न करता तिने दोघांना आधीच कळवून तारीख मागितली. एकाने अकरा दिवस सांगितले. त्यामुळे तिची खरी मुदत अकराव्या दिवसावर आली, क्रम मात्र तोच राहिला.

लेखाबाबत तिने मासिकाच्या संपादकांचे पत्र पुन्हा वाचून पाहिले. त्यात "सवडीने पाठवा" असे स्पष्ट लिहिले होते. मुदतीचा धाक तिने स्वतःच निर्माण केला होता. पुढच्या महिन्यात लेख पाठवते, असे कळवून तिने तो मसुदा वेगळ्या फोल्डरमध्ये हलवला.