सेशनमध्ये चार्ज फ्रेम होणार, म्हणजे भाऊ दोषी ठरला का?

प्रश्न : गाडी लावण्यावरून भावाचं शेजाऱ्याशी भांडण झालं. भावाने रॉडने एकदा मारलं, शेजाऱ्याच्या डोक्याला टाके पडले. पोलिसांनी खुनाचा प्रयत्न लावला. भाऊ जामिनावर आहे. दीड महिन्यापूर्वी केस सेशनला आली, पुढच्या तारखेला चार्ज फ्रेम होणार म्हणतात. म्हणजे तो दोषी ठरला का? मेडिकलच्या दाखल्यात तर जखम साधी आहे. आणि शेजाऱ्याने भावाला अडवून मारलं, शिवीगाळ केली, त्या आमच्या केसमध्ये चार्ज न लावताच साक्षी सुरू होणार, हे कसं? — एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : भाऊ दोषी ठरलेला नाही. चार्ज फ्रेम करणं म्हणजे कोणत्या कलमांखाली खटला चालवायचा हे कोर्टाने ठरवणं. पण त्याआधीची पायरी तुमच्यासाठी फार मोलाची आहे आणि तिला मुदत आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 250 नुसार केस सेशनकडे वर्ग झाल्यापासून 60 दिवसांत डिस्चार्जचा, म्हणजे खटला न चालवताच आरोपातून मुक्त करण्याचा, अर्ज करता येतो. तुमचा दीड महिना गेला आहे, तेव्हा वकिलांना आजच विचारा.

या टप्प्यावर न्यायाधीश फक्त पोलिसांचे कागद पाहतात : फिर्याद, जबाब, पंचनामा, वैद्यकीय दाखला. तुमच्याकडचा व्हिडिओ किंवा तुमचे साक्षीदार आत्ता कामी येत नाहीत, ते पुढे बचावात. दाखला मात्र दोषारोपपत्रातच असतो, म्हणून त्यावर बोट ठेवता येतं. पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जखम साधी आहे एवढ्यावर खुनाच्या प्रयत्नाचं कलम 109 गळत नाही. त्या कलमात जखमेपेक्षा हेतू किंवा जाणीव महत्त्वाची, आणि डोक्यावर रॉड हा मुद्दा तुमच्या विरोधात जाणारा आहे. म्हणून जबाब ओळीओळीने वाचा. वार एकच होता का? भाऊ स्वतःहून थांबला की लोकांनी ओढून धरलं? ‘जिवे मारतो’ हे शब्द पहिल्याच फिर्यादीत आहेत, की नंतरच्या जबाबात आले? रॉड घरून आणला होता की भांडणात हाती लागला? अर्जाचं बळ या उत्तरांत असतं. कागदांवरून जबर संशय उभा राहत असेल, तर कोर्ट पुराव्याचा काथ्याकूट न करता चार्ज लावतं.

समजा, न्यायाधीशांना 109 टिकत नाही असं वाटलं. तरी भाऊ खटल्यातून सुटणार नाही, कारण घातक हत्याराने दुखापतीचं कलम 118(1) उरतंच. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ते सेशनच्याच अखत्यारीतलं नाही. मग कलम 251 नुसार सेशन न्यायाधीश चार्ज ठेवून केस मॅजिस्ट्रेटकडे पाठवू शकतात आणि ती तिथे वॉरंट खटला म्हणून चालते. भावाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. 109 मध्ये दुखापत झालेली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट तीन वर्षांपलीकडे कैद देऊच शकत नाही.

आता तुमची केस. दोन वर्षांपेक्षा जास्त कैदेची तरतूद असलेला गुन्हा म्हणजे वॉरंट केस, बाकीच्या समन्स केस. अडवणूक, साधी मारहाण आणि अपमान या कलमांना जास्तीत जास्त दोन वर्षंच शिक्षा आहे, म्हणून तुमची केस समन्स खटला ठरली. अशा खटल्यात रीतसर चार्ज लिहावा लागत नाही. मॅजिस्ट्रेट शेजाऱ्याला आरोप थोडक्यात सांगतात, कबूल आहे का विचारतात, आणि नाही म्हटलं की साक्षी. तुमच्या तक्रारीला कमी लेखलं, असा अर्थ काढू नका.

मला खरी काळजी इथे वाटते. एकाच भांडणाच्या दोन केसेस दोन कोर्टांत चालल्या, तर एकीत भावाने दिलेली साक्ष दुसरीत त्याच्याच अंगाशी येऊ शकते, आणि दोन निकाल एकमेकांना छेद देऊ शकतात. अशा क्रॉस केसेस एकाच न्यायाधीशाने एकापाठोपाठ ऐकाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. एक केस सेशनची असेल तर समन्स केसही कलम 362 खाली तिकडे वर्ग होऊ शकते. मॅजिस्ट्रेटसमोर भावाची साक्ष होण्याआधी तसा अर्ज द्या.

डिस्चार्ज नाकारला, तर तो आदेश तपासून घेण्यासाठी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात रिव्हिजन करता येतं. चार्ज वाचून दाखवतील तेव्हा भावाने ‘गुन्हा कबूल नाही’ एवढंच सांगावं. ‘मारलं, पण त्यानेच आधी मारलं’ अशी हकीकत तिथे सांगायची नसते. ती उलटतपासात आणि बचावात वकील मांडतील.