ग्रेड २ हायपरटेन्सिव्ह रेटिनोपॅथी: पडद्यावरचं जुनं काय आणि ताजं काय

प्रश्न: "वय ५१. चष्म्याचा नंबर तपासायला गेलो तर पडदा बघून डॉक्टरांनी विचारलं, बीपी किती वर्षांपासून आहे? मला बीपी नाही. त्या दिवशी १४८/९२ आलं, पण मी तिथे घाबरलेलो होतो. शुगर नॉर्मल, नजर ६/६. रिपोर्टवर दोन्ही डोळ्यांना 'ग्रेड २ हायपरटेन्सिव्ह रेटिनोपॅथी, ए-व्ही क्रॉसिंग चेंजेस, नो हेमरेज' लिहिलंय. घाबरल्यामुळे असं होऊ शकतं का? गोळ्या घेतल्या तर जाईल का?"

उत्तर:

घाबरल्यामुळे यंत्रावरचा आकडा चढतो, ए-व्ही क्रॉसिंग चेंजेस तयार होत नाहीत. तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द तोच आहे, ग्रेडचा आकडा त्याच्यानंतर.

पडद्यावर धमन्या आणि शिरा जिथे एकमेकींना ओलांडतात ती जागा म्हणजे ए-व्ही क्रॉसिंग. तिथे दोघींना मिळून एकच बाहेरचं आवरण असतं, आणि बहुतेक ठिकाणी धमनी वर असते. निरोगी धमनीची भिंत पारदर्शक असते. डॉक्टरांना दिसते ती भिंत नव्हे, आतल्या रक्ताची लाल रेघ. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की ही भिंत जाड आणि धुरकट होते, आवरणही घट्ट होतं. मग खालून जाणाऱ्या शिरेची रेघ धमनीच्या दोन्ही बाजूंना निमुळती होत गेल्यासारखी किंवा मध्येच तुटल्यासारखी दिसते. यालाच निकिंग म्हणतात. शीर दर वेळी खरोखर चिमटली जातेच असं नाही, बऱ्याचदा ती जाड भिंतीआड झाकली जाते. भिंत आणखी जाड झाली की धमनीवरची प्रकाशाची चमक रुंदावते आणि ती तांब्याच्या तारेसारखी दिसायला लागते.

हे आठवड्याभरात घडत नाही. अमेरिकेतल्या 'एरिक' या मोठ्या अभ्यासात पडद्याचे फोटो लोकांच्या आधीच्या बीपीच्या नोंदींशी ताडून पाहिले होते. निकिंगचा आणि धमन्या सर्वत्र अरुंद होण्याचा संबंध ३ ते ६ वर्षांपूर्वीच्या बीपीशीही लागला, आजचं बीपी हिशेबात धरूनसुद्धा. रक्तस्रावाचे ठिपके, कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे डाग आणि धमनी एखाद्याच जागी आवळणं यांचा संबंध मात्र मुख्यतः त्या वेळच्या बीपीशी होता. म्हणून पडदा वाचताना दोन थर वेगळे करायचे: भिंतीतले बदल म्हणजे जुना हिशेब, गळती आणि सूज म्हणजे सध्याचं संकट. तुमच्याकडे पहिला थर आहे, दुसरा नाही. 'नो हेमरेज' लिहिलंय ते चांगलं आहे.

मात्र नेमकी किती वर्षं, हे पडद्यावरून कोणी सांगू शकत नाही. शिवाय वयानेही धमन्यांच्या भिंती जाड होतात, आणि ग्रेड १ व २ मध्ये दोन डॉक्टरांचं मत सहज वेगळं पडतं. ही चार ग्रेडची पद्धत कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी १९३९ मध्ये मांडली, तेव्हा बीपीची धड औषधंही नव्हती. त्यांच्या रुग्णांपैकी ग्रेड १ मधले ७० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, ग्रेड ४ मधले फक्त ६ टक्के. म्हणजे टोकाच्या ग्रेडचा अर्थ स्पष्ट होता, खालच्या दोन ग्रेडमधली रेषा मुळातच पुसट आहे. त्यामुळे आता बरेच जण सौम्य, मध्यम आणि मॅलिग्नंट म्हणजे जिवावर बेतणारा असे तीनच गट वापरतात. तुमचं सौम्य गटात बसतं. डॉक्टरांना एवढंच विचारा: निकिंग डिस्कपासून, म्हणजे नेत्रतंतू पडद्याला मिळतो त्या गोल जागेपासून, दूरच्या क्रॉसिंगवर दिसलं का? अगदी डिस्कला लागून असलेल्या क्रॉसिंगवर फार भरवसा ठेवत नाहीत. जमलं तर पडद्याचा फोटो मागून घ्या. पुढच्या वेळी तुलनेला शब्दांपेक्षा तो कामाला येतो.

आता बीपी आहे की नाही ते घरीच ठरवा. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पडला तर आकडा खोटा चढतो. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसा, दंड छातीच्या पातळीवर टेकवा. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन मोजण्या, मध्ये एक मिनिट, असे ७ दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी आहे, दवाखान्यातल्या भीतीचा प्रश्नच उरत नाही. सरासरी कमी आली तरी पडद्यावरचे बदल पक्के असतील तर विषय बंद करू नका. काहींचं बीपी झोपेत चढं असतं, विशेषतः घोरणाऱ्यांचं. ते २४ तासांच्या मॉनिटरवरच सापडतं.

हाच जुना हिशेब इतर अवयवांत किती पोहोचलाय तेही बघायला हवं: लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, ईसीजी, लिपिड. नजर ६/६ आहे यावर विसंबू नका. पडद्याचा मधला भाग किंवा नेत्रतंतू सुजेपर्यंत नजर उत्तमच राहते.

गोळ्यांनी काय जातं? कापसासारखे डाग आणि रक्तस्राव काही आठवड्यांत विरतात. पिवळे मेदाचे ठिपके महिने घेतात, आणि सूज ओसरताना काही दिवस उलट जास्त उठून दिसतात, त्यात घाबरायचं नसतं. निकिंग बहुधा तसंच राहतं. त्यामुळे दोन वर्षं बीपी ताब्यात असूनही रिपोर्टवर ग्रेड २ च आला तर गोळ्या लागू पडल्या नाहीत असं समजून त्या बदलू नका. गोळीचं मोजमाप घरच्या आकड्यांनी करायचं.

क्रॉसिंगचा एक धोका मात्र लक्षात असू द्या. घट्ट आवरणात शीर तिथेच तुंबू शकते. मग एका डोळ्याच्या एका भागात, न दुखता, अचानक धूसर दिसायला लागतं. अशा वेळी एक-दोन दिवसांत पडदा दाखवा. आणि बीपी १८०/१२० च्या पुढे असताना दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसतंय, डोकं ठणकतंय, तर त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलात. तिथे बीपी पहिल्या काही तासांत साधारण २०-२५ टक्केच उतरवतात. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून झटक्यात उतरवण्याची जुनी सवय अजून कुठेकुठे दिसते. ती नको म्हणून सांगा, रक्तदाब एकदम कोसळला तर मेंदू आणि नेत्रतंतू दोन्हींचा पुरवठा तुटतो.

दोन डोळ्यांत फार फरक असेल, एकात बदल ठळक आणि दुसरा जवळजवळ साफ, तर साफ डोळ्याच्या बाजूची मानेतली कॅरोटिड धमनी अरुंद असू शकते. रक्ताचा जोर तिथवर पोहोचतच नाही म्हणून तो डोळा वाचलेला दिसतो. तुमच्या दोन्ही डोळ्यांत सारखंच लिहिलंय, त्यामुळे सध्या मानेच्या डॉपलरची घाई नाही.