दुसऱ्याचा वेळ बघताना

अगं, ५ किलोमीटर पळायला ४२ मिनिटं लागली म्हणून ॲपवरची नोंद पुसू नकोस. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरने १९५४ मध्ये मांडलं की स्वतःला जोखायला ठोस मोजपट्टी नसली की माणूस आपल्यासारख्यांशीच तुलना करतो. गोची इथेच आहे. ॲपवरची २४ मिनिटवाली तुझ्याच वयाची, म्हणून तुला ती आपल्यासारखी वाटते. तिची सहा वर्षांची पळापळ स्क्रीनवर दिसतच नाही. त्यापेक्षा ३८ मिनिटवालीला विचार, चार महिन्यांपूर्वी किती लागायची? वरचा माणूस आवाक्यातला वाटला तरच हुरूप येतो. ५० मिनिटवालीकडे बघून बरं वाटतं खरं (मीही बघायचे!), पण ती सुधारली की ते सुख गेलंच. फीड बघून बूट घालावेसे वाटतात की नोंद लपवावीशी, एवढं तपास. लपवावीशी वाटली तर त्या २४ मिनिटवालीला महिनाभर म्यूट कर.