पगार स्लिप आणि पीएफ पासबुक जुळत नाही, लेखा विभागाला पत्र कसे लिहावे?

प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर आहे. एप्रिल 2024 ला लागले. स्लिपवर माझा पीएफ जेवढा कापला तेवढाच कंपनीचा दाखवतात. मार्च 2025 पर्यंतचे दोन्ही मिळून 41,904 रुपये होतात, पण पासबुकात माझा आणि कंपनीचा हिस्सा मिळून 24,915 च आहेत. सतरा हजार कमी! ऑफिसात तोंडी विचारलं तर "सगळं भरलंय" म्हणतात. पत्र द्यायचं आहे, पण काय लिहू? स्लिपा आणि पासबुकाच्या सगळ्या ओळी सोबत जोडल्या आहेत.

उत्तर:

ताई, तुम्ही जोडलेल्या ओळी मी स्लिपांशी एकेक करून ताडून पाहिल्या. सतरा हजारांचं पत्र देऊ नका. खरी तफावत 3,744 रुपयांची आहे, ती तीन महिन्यांत आहे आणि ती कागदावर स्वच्छ दाखवता येते. पत्र तेवढ्याचंच द्या. सतरा हजार लिहिलेत तर लेखा विभाग "यांना पेन्शनचा हिस्साच कळलेला नाही" एवढं एका ओळीत कळवेल, आणि ते म्हणणं बरोबर असल्यामुळे तुमचे खरे 3,744 त्याखाली दबून जातील.

आधी पेन्शनचं समजून घ्या. तुमचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता सप्टेंबरपर्यंत 14,200 होता. त्याचे 12 टक्के म्हणजे 1,704 तुमच्या पगारातून कापले जातात आणि ते पूर्ण तुमच्या पीएफ खात्यात जातात. कंपनीही 1,704 च भरते, पण त्यातले 8.33 टक्के, म्हणजे 1,183 रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 521 पीएफमध्ये. स्लिपवर कंपनीचा आकडा एकत्र छापतात, पासबुकात मात्र पेन्शनचा रकाना वेगळा असतो आणि तो शिल्लक रकमेत धरत नाहीत. तुमच्या पासबुकात त्या रकान्याची बेरीज 13,245 आहे. सतरा हजारातले एवढे तिथे आहेत, हरवलेले नाहीत. (पगार 15,000 च्या वर गेला तरी पेन्शनचा हिस्सा साधारणपणे 1,250 वर थांबतो आणि बाकी पीएफमध्ये जातं. आणि हे वाचणारं कुणी विडी कारखान्यात असेल तर तिथे 12 नव्हे, 10 टक्क्यांनी हिशोब करावा, त्या उद्योगाला तो दर लागू आहे.)

दुसरी गोष्ट महिन्याची. पासबुकात एप्रिलच्या पगाराच्या ओळीवर `Cont. For Due-Month 052024` असं दिसतं, कारण एप्रिलचा पीएफ 15 मेपर्यंत भरायचा असतो. त्यामुळे स्लिप नेहमी पगाराच्या महिन्याशीच लावा. मार्च 2025 ची ओळही याच कारणाने 2024-25 मध्ये सापडणार नाही, ती पुढच्या वर्षाच्या पानावर आहे. आणि एकूण शिल्लक ताडायला घेऊच नका. तिच्यात व्याज मिसळलेलं असतं आणि ते वर्षाच्या हिशोबाने नंतर जमा होतं. ओळ विरुद्ध स्लिप, एवढंच.

असं लावल्यावर दिसतं ते हे. स्लिपा बारा आहेत आणि ओळी अकरा. जुलै 2024 ची ओळच नाही, म्हणजे तुमचे 1,704, कंपनीचे पीएफचे 521 आणि पेन्शनचे 1,183, मिळून 3,408. नंतर ऑक्टोबरपासून तुमचा पगार 14,900 झाला आणि स्लिपवर कपात 1,788 झाली. पण ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या ओळीत पगाराच्या रकान्यात अजून 14,200 च आहेत आणि जमा 1,704. डिसेंबरपासून बरोबर आहे. म्हणजे त्या दोन महिन्यांत दरमहा तुमच्या हातून 84 कापले गेले पण भरले नाहीत, आणि कंपनीच्या बाजूचेही 84 राहिले, त्यात 58 पेन्शनचे आणि 26 पीएफचे. दोन महिन्यांचे 336. सगळे मिळून 3,744.

हे घडतं कसं, ते माहीत असलं की पत्र नेमकं लिहिता येतं. आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांत पगार ऑफिसात निघतो आणि पीएफची महिन्याची फाइल, जिला ईसीआर म्हणतात, ती बाहेरचा कन्सल्टंट चढवतो. फाइल चढवताना एखाद्या माणसाच्या ओळीवर एरर आला आणि 15 तारीख तोंडावर असली, की ती ओळ काढून बाकीची फाइल भरून टाकतात आणि राहिलेलं पुरवणीत भरू म्हणून सोडून देतात. ते मागे पडतं. वाढ झाल्यावर ऑफिसात नवा पगार चढतो आणि कन्सल्टंटकडे जुनाच राहतो, हा दुसरा प्रकार. तुमच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचं मला हेच दिसतंय. म्हणून "सगळं भरलंय" म्हणणारा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. त्याने कंपनीचं चलन भरलेलं पाहिलेलं असतं, तुमची ओळ पाहिलेली नसते.

पत्र देण्याआधी एक तपासणी घरूनच करा. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे, तिला लॉगिन लागत नाही. तिथे कंपनीचं नाव टाकून भरण्याचा तपशील उघडला की महिन्यावार चलन, भरल्याची तारीख, रक्कम आणि माणसांची संख्या दिसते. जुलै 2024 चं चलन तिथे असेल आणि संख्या जूनपेक्षा थोडी कमी असेल, तर तुमची ओळ सुटली असण्याची शक्यता मोठी. जुलैचं चलनच नसेल तर प्रश्न तुमच्या एकटीचा नाही, मग सहकाऱ्यांनाही पासबुक पाहायला सांगा आणि सगळ्यांनी मिळून पत्र द्या.

पत्र कंपनीच्या लेखा विभागाला द्या, कन्सल्टंटला नव्हे. तुमच्या पगारातून पैसे कंपनीने कापले आहेत आणि ते भरायची जबाबदारीही कंपनीचीच. शिवाय लेखा विभागाकडे एक पुरावा असतोच. कापलेला पीएफ त्यांच्या पुस्तकात देय खात्यावर बसतो आणि चलन भरलं की तो उतरतो. जुलैचे तुमचे 3,408 भरले नसतील तर ते त्या खात्यावर अजून पडून असणार. पत्रात हे खातं पाहायला सांगितलं की काम कन्सल्टंटच्या तोंडी उत्तरावर थांबत नाही.

मसुदा देते. कंसातलं तुमचं भरा.

> प्रति,
> मा. व्यवस्थापक, लेखा विभाग,
> (कंपनीचे नाव), सोलापूर
>
> विषय: जुलै, ऑक्टोबर व नोव्हेंबर 2024 या पगार महिन्यांची भविष्य निर्वाह निधी नोंद पगार स्लिपशी जुळवून मिळणेबाबत
>
> महोदय,
> मी पॅकिंग विभागात एप्रिल 2024 पासून काम करते. माझा यूएएन (……) व मेंबर आयडी (……) आहे. माझ्या पगार स्लिपा व पीएफ पासबुक ताडून पाहता पुढील फरक आढळला.
>
> जुलै 2024: स्लिपप्रमाणे पीएफ पगार 14,200 व माझी कपात 1,704 रुपये. पासबुकात या महिन्याची नोंद नाही. न भरलेली एकूण रक्कम, कंपनीच्या हिश्श्यासह, 3,408 रुपये.
>
> ऑक्टोबर व नोव्हेंबर 2024: स्लिपप्रमाणे पीएफ पगार 14,900 व माझी कपात दरमहा 1,788 रुपये. पासबुकात पगार 14,200 व माझा हिस्सा 1,704 रुपये. दोन महिन्यांचा फरक, कंपनीच्या हिश्श्यासह, 336 रुपये.
>
> एकूण फरक 3,744 रुपये: माझा हिस्सा 1,872, कंपनीचा पीएफ हिस्सा 573, पेन्शन 1,299. उर्वरित नऊ महिन्यांच्या नोंदी जुळतात.
>
> कृपया या तीन महिन्यांच्या ईसीआरमधील फक्त माझ्या नावाची ओळ व संबंधित चलनाचा टीआरआरएन क्रमांक मला द्यावा, पीएफ देय खाते तपासावे, आणि रक्कम भरलेली नसल्यास पुरवणी ईसीआरने भरून त्याची तारीख लेखी कळवावी. माझ्या हिश्श्याची कपात पूर्वीच झालेली असल्याने ती पुढील पगारातून पुन्हा करू नये.
>
> पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर मिळावे, ही विनंती.
>
> सोबत: तीन महिन्यांच्या स्लिपा, पासबुकाची प्रत.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, तारीख)

"उर्वरित नऊ महिन्यांच्या नोंदी जुळतात" हे वाक्य काढू नका. त्यामुळे तुम्ही सगळं पाहिलंय हे कळतं आणि समोरच्याला फक्त तीन ओळी उघडाव्या लागतात. फक्त स्वतःची ओळ मागितली आहे, त्यामुळे "इतरांची माहिती देता येत नाही" हे कारण उरत नाही. आणि पुन्हा कपात न करण्याचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. फरक भरताना पूर्ण रक्कम कामगाराच्या पुढच्या पगारातून कापून घेतल्याचं मी पाहिलेलं आहे. तुमच्या बाबतीत तर ते पैसे आधीच कापले गेलेत. उशिराचं व्याज आणि दंड लागला तर तोही कंपनीनेच भरायचा असतो.

पत्राच्या दोन प्रती न्या. आवक विभागात एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. हेच पत्र ईमेलनेही पाठवलंत तर उत्तम, कारण लेखा विभाग ते जसंच्या तसं कन्सल्टंटला पुढे धाडू शकतो.

पंधरा दिवस गेले तर एक स्मरणपत्र, जुन्या पत्राचा आवक क्रमांक घालून. तरीही हालचाल नसेल तर epfigms.gov.in वर तक्रार नोंदवा आणि पोच घेतलेली प्रत जोडा. सोलापुरातल्या पीएफ कार्यालयातही प्रत्यक्ष जाता येतं. शिवाय दर महिन्याच्या 27 तारखेला ईपीएफओचा 'निधी आपके निकट' हा उपक्रम जिल्ह्यात होतो, तिथे मालक आणि कामगार दोघांच्याही तक्रारी ऐकतात. कापून न भरणं कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो, पण पहिल्या पत्रात ते लिहू नका. ओळ सुटली असेल तर ती भरून मिळणं तुम्हाला हवंय, आणि त्यासाठी लेखा विभागातला माणूस आपल्या बाजूचा राहिलेला बरा.

पैसे भरले असं कळवलं की पासबुक पुन्हा उघडा. नवी ओळ यादीत खाली, भरल्याच्या ताज्या तारखेने येऊ शकते, म्हणून पगाराचा महिना पाहूनच शोधा. जुलै 2024 समोर 1,704, 521 आणि 1,183 असे तिन्ही आकडे हवेत. पेन्शनचा रकाना रिकामा दिसला तर तिथेच थांबा आणि पुन्हा कळवा, कारण नोकरी सोडताना पेन्शनची सेवा मोजतात तेव्हा तोच महिना नडतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी 84, 26 आणि 58 अशा फरकाच्या दोन वेगळ्या ओळी येतील, किंवा मूळ ओळच बदललेली दिसेल. बेरीज जुळली की झालं.