खाणकामगाराची पेन्शन 58 च्या आधी, कात्री न लागता

*वडील 52 वर्षांचे आहेत. ऑक्टोबर 2014 पासून संडूरकडच्या लोहखनिजाच्या खाणीत ड्रिलवर आहेत, त्याआधी 12 वर्षं खडीच्या क्रशरवर होते. धुळीनं छाती गेली आहे, जिना चढवत नाही. खाणकामगाराला वयाआधी पूर्ण पेन्शन मिळते म्हणतात, खरं का? आणि ते सिद्ध कसं करायचं? (खानापूर, जि. बेळगाव)*

आधी एक कळकळीची विनंती. हे वाचून होईपर्यंत वडिलांना राजीनामा देऊ देऊ नका. का ते पुढे येईलच.

मी खाणीच्या हजेरी-ऑफिसात टाइमकीपर होतो. आता खानापुरातच असतो आणि आपल्या भागातल्या लोकांचे पीएफचे कागद भरून देतो. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे, पण आपल्याकडचं नाही. पोलंडमध्ये 25 वर्षं जमिनीखाली काम केलेल्या खाणकामगाराला वयाची अट न ठेवता पेन्शन मिळते. जर्मनीतही अशा कामगारांना इतरांपेक्षा लवकर सुटता येतं. आपल्याकडे कोळसा खाणींची पेन्शन योजना वेगळी आहे. लोखंड, बॉक्साइट, दगड यांच्या खाणींतले कामगार मात्र कापड दुकानातल्या नोकरासारखेच कर्मचारी पेन्शन योजना 1995 मध्ये येतात. काम धोक्याचं आहे म्हणून त्या योजनेत वयाची सवलत नाही. पूर्ण पेन्शन 58 ला. नोकरी सोडून 50 नंतर घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांची दर वर्षी 4 टक्के कात्री लागते आणि ती जन्मभर राहते.

एक वाट मात्र आहे. ती खाणकामगारांसाठी म्हणून केलेली नाही, तरी तुमच्या वडिलांच्या उपयोगाची आहे. योजनेच्या परिच्छेद 15 प्रमाणे नोकरीत असताना कायमचं आणि संपूर्ण अपंगत्व आलं, तर वय कितीही असो, पेन्शन अपंगत्वाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते आणि कात्री लागत नाही. 10 वर्षांच्या सेवेची अटही नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालतं. हे अपंगत्व कामामुळेच आलं हेही दाखवावं लागत नाही. म्हणजे ‘धूळ खाणीची की क्रशरची’ या वादात पेन्शनसाठी पडायचं कारण नाही.

तुमचा हिशेब मांडून बघू. पीएफ ज्या पगारावर कापला जातो त्याची शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी 14,000 धरू. सेवा 11 वर्षं. क्रशरवरच्या 12 वर्षांत पीएफ कापला नसेल तर ती वर्षं इथे शून्य, याचं मला फार वाईट वाटतं, पण तसंच आहे. सूत्र असं की पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. म्हणजे महिन्याला 2,200 रुपये. आज नोकरी सोडून लवकरची पेन्शन घेतली तर त्यातले सतराशेच्या आसपास हातात पडतील. परिच्छेद 15 खाली अर्ज मंजूर झाला तर पूर्ण 2,200. आणि धुळीपासून लांब, गेटवर किंवा स्टोअरमध्ये, हलकं काम मिळवून ते 58 पर्यंत टिकले तर सेवा 17 वर्षांची होईल आणि याच पगारावर 3,400 मिळतील, शिवाय सहा वर्षांचा पगार वेगळा.

हा तिसरा पर्याय मी मुद्दाम सांगतोय. वैद्यकीय तपासणीत बघतात ते एवढंच, की अपंगत्व आलं त्या वेळी माणूस जे काम करत होता त्याला तो कायमचा आणि पूर्णपणे अपात्र झालाय का. ड्रिलवर असताना छाती निकामी झाली तर प्रश्न ड्रिलच्या कामाचा असतो. पण आधी गेटवर बदली घेऊन दोन वर्षं तिथे बसले आणि मग अर्ज केला, तर प्रश्न गेटवर बसता येतं का असा होतो आणि दावा कमजोर पडतो. म्हणून छातीच्या डॉक्टरांकडून आधी नक्की कळू द्या की दुखणं किती पुढे गेलंय. फुफ्फुसं अजून बरी असतील तर हलकं काम, नसतील तर परिच्छेद 15. दोन्हीकडे पाय ठेवू नका.

आता पुराव्याचं. शेजारच्या गावचे एक काका दुसऱ्या एका खाणीत होते. दम लागायला लागला तसं त्यांनी मार्चमध्ये राजीनामा दिला. ऑफिसातल्या माणसानं सांगितलं म्हणून त्यात ‘घरगुती कारणास्तव’ लिहिलं. खाणीनं पीएफच्या पोर्टलवर नोकरी सुटल्याचं कारण नेहमीसारखं ‘सेसेशन’ टाकलं. जूनमध्ये बेळगावात एक्स-रे, फुंकायची तपासणी झाली आणि सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, निघाला. पेन्शनचा अर्ज केला तर परत आला, कारण कागदावर नोकरी मार्चमध्ये संपलेली आणि आजार जूनचा. नोकरीत असताना अपंगत्व आलं हे कुठेच दिसत नव्हतं.

त्यांना वाचवलं ते आदल्या वर्षीच्या फॉर्म ओ ने. खाणीत ठराविक वर्षांनी जी डॉक्टरी तपासणी होते तिचा हा कागद. त्यावर छातीच्या एक्स-रेचा शेरा होता आणि धुळीच्या कामाला योग्य नाही असं लिहिलं होतं. तो घेऊन आम्ही खाणीकडे गेलो, जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि मालकानं मिळून द्यायचा दुरुस्तीचा अर्ज, भरून नोकरी सुटल्याचं कारण ‘परमनंट डिसेबलमेंट’ करून घेतलं, मग पेन्शनच्या अर्जाचा 10 डी फॉर्म पुन्हा दिला. तेव्हा कुठे पीएफ कार्यालयानं त्यांना तपासणीला पाठवलं. काम झालं, पण अकरा महिने गेले आणि त्या काळात घरात एक रुपया आला नाही.

म्हणून वडील हजेरीवर असतानाच त्यांचे सगळे फॉर्म ओ खाणीकडून लेखी मागा. नवी तपासणी आत्ताच करून घ्या, रजेवर असले तरी चालेल. नाव हजेरीपटावर हवं. यूएएन, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबराच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दर महिन्याची रक्कम पडलीय का तेही महिना-महिना पाहा. आपल्या सीमाभागात नावाचा घोळ हमखास असतो. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक नाव, कन्नडवरून इंग्रजीत उतरवलेल्या आधारवर दुसरं. तो घोळ अर्जाआधीच मिटवा, नाहीतर पहिला अर्ज त्यावरच परत येतो.

अपंगत्वाच्या टक्केवारीच्या कार्डामागे मात्र धावू नका. फुफ्फुसाचा आजार दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या 21 प्रकारांत नाही आणि पेन्शनला ते कार्ड लागतही नाही. पीएफ कार्यालय जी तपासणी सांगेल तीच चालते.

सिलिकोसिस निघालाच, तर नोव्हेंबर 2025 पासून कर्मचारी भरपाई कायदा 1923 च्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता 2020 खाली खाणमालकाकडून नुकसानभरपाई मागता येते. सिलिकोसिस त्या संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत येतो. हा दावा वेगळा असतो आणि त्यात क्रशरच्या 12 वर्षांचा प्रश्न येतो, म्हणून तिथल्या मजुरीच्या नोंदी, सोबत्यांच्या साक्षी, जे असेल ते जपून ठेवा. वडिलांचा शेवटचा फॉर्म ओ कधीचा आहे ते इथे कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.