पासवर्डवर नुसता ब्लर नको रे

खानापूरच्या काकांसाठी फॉर्म भरायचा व्हिडिओ केलास ते छानच, पण पासवर्डवर हलका ब्लर नको मारूस, काळा भरीव बॉक्स टाक, कारण हलक्या ब्लरमधनं अक्षरांचा अंदाज लागतोय. आणि बघ, मोबाईलवर टाईप करताना प्रत्येक अक्षर क्षणभर दिसून मग ठिपका होतंय, म्हणजे एकेक फ्रेम थांबवत गेलं की अख्खा पासवर्ड वाचता येतोय! म्हणून बॉक्स पहिल्या अक्षराच्या आधीच चालू कर, कीबोर्डही झाक, तिथं दाबलेली बटणं दिसतात आणि वरच्या पट्टीत ईमेल सुचवलेला असतोय. स्क्रीन सरकली तर बॉक्सही सरकव. एक्स्पोर्ट झालेली फाईल VLC मध्ये उघडून e दाबत फ्रेम-फ्रेम तपास, चूक बहुतेक बॉक्सच्या सुरवातीला नाहीतर शेवटी सापडते.